‘आयएसआयआर’ म्हणजे काय हे ठाऊक नसताना बायोडेटा कसा वाचावा

वाचकाचे पत्र

“मी अंबडला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षांपासून मनुष्यबळ विभागात आहे. शिक्षण बी.कॉम. आणि नंतर एमबीए. क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी येणाऱ्या बायोडेटांची पहिली छाननी माझ्याकडे असते. क्वालिटीच्या साहेबांनी मला ‘आयएटीएफ, पीपॅप, एफएमईए, एमएसए, एसपीसी’ असे पाच शब्द दिले होते. ज्यांच्या बायोडेटात ते दिसले, ते मी पुढे पाठवले. त्यांपैकी चौघे मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांतच अडखळले. उलट मी बाजूला ठेवलेला एक अर्ज योगायोगाने साहेबांच्या हाती लागला आणि ‘हाच तर माणूस हवा होता’ असे ते सर्वांसमोर म्हणाले. त्या अर्जात ‘टीएस १६९४९’ आणि ‘आयएसआयआर’ असे काहीतरी होते. मला या विषयातले कळत नाही आणि दोन महिन्यांत मी इंजिनिअर होणार नाही. मग हे बायोडेटा मी वाचायचे तरी कसे?”
— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

नमस्कार.

पाच शब्दांची ती यादी तुम्ही हाती घेतलीत, चूक तेव्हाच झाली होती, आणि ती निम्मी तुमच्या साहेबांची आहे. क्वालिटीच्या माणसाला असे शब्द सांगताना त्या प्रत्येकामागची सगळी भावकी डोळ्यांसमोर दिसत असते. त्यात जुनी नावे असतात, ग्राहकागणिक बदलणारी नावे असतात आणि नुसती बोलण्यात चालणारीही असतात. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र फक्त आद्याक्षरे पडतात. मी सातपूरला बरीच वर्षे क्वालिटीत काढली आणि पुढे भरतीच्या टेबलाच्या तुमच्या बाजूला येऊन बसलो. त्यामुळे अशी यादी मी दिलेलीही आहे आणि घेतलेलीही आहे.

आधी त्या गृहस्थांचा अर्जच घेऊ. ‘टीएस १६९४९’ हे मोटार उद्योगाला माल पुरवणाऱ्यांच्या गुणवत्ता व्यवस्थेचे मानक होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याची जागा ‘आयएटीएफ १६९४९’ने घेतली आणि जुनी प्रमाणपत्रे १४ सप्टेंबर २०१८ नंतर चालेनाशी झाली. आकडा तोच राहिला, पुढचे नाव बदलले आणि आतल्या अपेक्षा वाढल्या. २०१५ साली जो माणूस आपल्या कारखान्याच्या ऑडिटला उभा राहिला होता, तो त्या नोकरीखाली प्रामाणिकपणे ‘टीएस’च लिहिणार. त्या ओळीत ‘आयएटीएफ’ शोधणे म्हणजे जुन्या सातबाऱ्यावर आजच्या मालकाचे नाव शोधण्यासारखे आहे.

‘आयएसआयआर’चेही तसेच. नवा भाग बनवायला घेतला की पहिल्या काही नगांची सगळी मापे घ्यायची, ड्रॉइंगमधल्या मापांशी एकेक पडताळून तक्ता करायचा आणि तो नगांसह ग्राहकाकडे पाठवायचा. पहिल्या नमुन्याच्या तपासणीचा हा अहवाल म्हणजे आयएसआयआर. आज ज्याला पीपॅप म्हणतात, ते म्हणजे नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी मिळवण्यासाठी तयार करायचे एक मोठे बाड असते. त्यात १८ बाबी असतात आणि मापांचा हा तक्ता त्यांपैकी एक असतो. बाडाच्या तोंडाशी ‘पीएसडब्ल्यू’ नावाचा एक कागद असतो. ‘हा भाग तुमच्या सर्व अटींनुसार बनवला आहे’ असे त्यावर पुरवठादार सही करून लिहून देतो आणि मंजुरी दिल्यावर ग्राहकही त्याच कागदावर सही करतो. कुणी ‘पीपॅप’ लिहितो, कुणी ‘पीएसडब्ल्यू मंजूर करून घेतले’ असे लिहितो, कुणी जुन्या सवयीने ‘आयएसआयआर’ लिहितो. काही ग्राहकांकडे आजही हेच शेवटचे नाव चालते. तिघांचे काम तंतोतंत एक नसले तरी तिघेही एकाच दाराशी उभे राहिलेले आहेत, आणि पहिल्या चाळणीसाठी तेवढे पुरते.

म्हणून पुढची जागा निघण्यापूर्वी साहेबांकडून अर्धा तास मागून घ्या. ‘या शब्दाचा अर्थ काय’ असे मात्र त्यांना विचारू नका, कारण मग ते पाठ्यपुस्तकातली व्याख्या सांगतील आणि तुम्ही होत्या तिथेच राहाल. ‘हे काम झाले की टेबलावर काय उरते, आणि त्यावर सही कोणाची असते?’ असे विचारा. क्वालिटी हा कागदांचा धंदा आहे आणि तिथला जवळजवळ प्रत्येक शब्द शेवटी एका कागदावर येऊन बसतो. एफएमईए म्हणजे ‘काय काय बिघडू शकते’ याचा भला मोठा तक्ता, ज्यात प्रत्येक बिघाडाला १ ते १० असे गुण दिलेले असतात. एसपीसी म्हणजे मशीनशेजारी लावलेला आलेख, ज्यावर दर काही नगांनंतर मापाचा ठिपका पडतो. ‘एट डी’ म्हणजे तक्रार आल्यावर ग्राहकाला पाठवायचे आठ टप्प्यांचे उत्तर. कागद कळला की शब्द घाबरवत नाही. प्रत्येक कागदासमोर त्याची दुसरी नावे लिहून घ्या आणि ‘हे नसेल तर दुसरे काय चालेल’ हेही तिथेच विचारून घ्या.

हा तक्ता संगणकावरच्या शोधातही उपयोगी पडतो. नोकरीच्या पोर्टलवर एकच शब्द टाकून शोधले, तर जुन्या नावाचे अर्ज तुमच्या डोळ्यांसमोर येतच नाहीत. ‘बाजूला ठेवले’ एवढीही नोंद त्यांची होत नाही. जिथे पर्यायी शब्द जोडून शोधता येते तिथे सगळी भावंडे एकत्र टाका:

```
(PPAP OR PSW OR ISIR) AND ("IATF 16949" OR "TS 16949")
```

आता मुख्य गोष्ट. शब्द सापडला म्हणून अर्ज चांगला ठरत नाही, हे त्या चौघांनी तुम्हाला दाखवलेच आहे. त्यामुळे शब्द सोडून त्याच्याभोवतीची ओळ वाचायला हवी. मी दोन ओळी देतो. दोन्ही माझ्याच आहेत, पण अशा ओळी तुमच्या गठ्ठ्यात हमखास सापडतील.

पहिली: ‘आयएटीएफ १६९४९ नुसार एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एमएसए, एसपीसी, एट डी, फाइव्ह एस, कायझेन, पोका-योके या सर्वांची जबाबदारी.’

दुसरी: ‘मशीनिंगच्या ६ नव्या भागांचे लेव्हल ३ पीपॅप सादर करून मंजूर करून घेतले. २५ मिलिमीटर बोअरचा सीपीके ०.८ वरून १.४ वर आणला. ग्राहकाकडचे रिजेक्शन वर्षभरात ४२० पीपीएमवरून ६० पीपीएमवर.’

तुमच्या यादीप्रमाणे पाहिले तर पहिल्या ओळीला पाचपैकी पाच गुण मिळतात आणि दुसरीला जेमतेम एक, कारण तिच्यात यादीतला फक्त ‘पीपॅप’ आहे. विषयातले काहीही न कळता एवढे तर कोणालाही दिसेल की, पहिल्या ओळीत क्रियापदच नाही. ‘जबाबदारी’ हा शब्द माणूस काय करत होता ते सांगत नाही. त्याच्या टेबलावरून काय जात होते एवढेच त्यावरून कळते. दुसऱ्या ओळीत ‘सादर केले’, ‘मंजूर करून घेतले’, ‘आणला’ अशी क्रियापदे आहेत, प्रत्येकाला कर्म आहे आणि कर्माला आकडा आहे. शाळेत वाक्याचे पृथक्करण करायचो, तेच इथे करायचे.

दुसऱ्या ओळीत एक सापळाही आहे. ‘लेव्हल ३’ वाचून तुम्हाला वाटेल की हा मधल्या पातळीचा माणूस आहे आणि ‘लेव्हल ५’ लिहिणारा याहून वरचढ असेल. पीपॅपमधल्या या पाच लेव्हल्सचा माणसाच्या दर्जाशी संबंध नाही. बाडातले कोणते कागद ग्राहकाकडे पाठवायचे आणि कोणते आपल्याकडे ठेवायचे, एवढेच त्यांवरून ठरते. ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल तर लेव्हल ३ धरतात, म्हणजे कव्हरचा कागद, नमुन्याचे नग आणि पुराव्याचे सगळे कागद पाठवायचे. लेव्हल ५ मध्ये तेच सगळे पुरवठादाराच्या जागी तयार ठेवायचे आणि ग्राहकाने तिथे येऊन पाहायचे. साधे दिसणारे शब्द असेच फसवतात, म्हणून आद्याक्षरांइतकेच ‘लेव्हल’, ‘ग्रेड’, ‘क्लास’ असल्या शब्दांबद्दलही साहेबांना विचारा. अवघड शब्दापुढे आपण थांबतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र चुकीच्या अर्थाने तसाच पुढे जाऊ देतो.

आता तो बोअरचा आकडा जरा जवळून पाहू, कारण एकदा तो उलगडला की अशा आकड्यांची भीती जाते. बोअर म्हणजे धातूत कोरलेले गोल भोक. समजा ड्रॉइंगमध्ये त्याचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवा असे लिहिले आहे. म्हणजे मोकळीक २१ मायक्रॉनची, डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी. मशीनमधून निघणारे सगळे नग सारखे नसतात, त्यांच्या मापांचा थोडा पसारा असतो. हा पसारा त्या मोकळिकीत किती आरामात बसतो, ते ‘सीपी’ हा आकडा सांगतो. तो नुसता बसतो आहे की मधोमध बसला आहे, ते ‘सीपीके’ सांगतो. सीपीके काढायला सरासरीपासून जवळच्या हद्दीपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याला प्रमाण विचलनाच्या तिपटीने भागायचे. प्रमाण विचलन तुम्ही बी.कॉम.ला संख्याशास्त्रात केलेच आहे.

प्रमाण विचलन अडीच मायक्रॉन असेल आणि सरासरी बरोबर मध्यावर, म्हणजे २५.०१०५ वर असेल, तर जवळची हद्द साडेदहा मायक्रॉन दूर राहते. साडेदहा भागिले साडेसात म्हणजे १.४. आता कोरणारे टूल झिजत गेले आणि भोक बारीक पडून सरासरी २५.००६ वर आली, तर खालची हद्द फक्त सहा मायक्रॉनवर राहते आणि सहा भागिले साडेसात म्हणजे ०.८. मशीन तेच, पसारा तोच, फक्त मध्य सरकला. रोजच्या उत्पादनात ग्राहक साधारण १.३३ मागतात आणि नव्या भागाच्या मंजुरीच्या वेळी पुष्कळदा १.६७. म्हणजे ०.८ हे रोज भांडण होईल असे ठिकाण आहे आणि १.४ हे नेहमीच्या उत्पादनासाठी निभावण्यासारखे आहे.

हे गणित तुम्ही उमेदवारापुढे मांडावे असे मी म्हणत नाही. त्यातून तुम्हाला एक प्रश्न मिळतो: ‘पसारा कमी केलात की मध्य सरकवलात?’ ज्याने काम केले आहे तो यावर एका दमात बोलेल. टूल किती नगांनंतर बदलायचे ते ठरवले, ऑफसेट देण्याची पद्धत बसवली, किंवा फिक्स्चरमध्ये नग हलत होता तो घट्ट धरायची सोय केली, असे काहीतरी तो सांगेल. पहिल्या दोन उपायांनी मध्य जागेवर येतो, तिसऱ्याने पसारा कमी होतो. त्यांतले श्रेष्ठ कोणते ते तुम्ही ठरवू नका, उत्तर त्याच्या शब्दांत लिहून घ्या. एक तपासणी मात्र तुम्ही स्वतः करू शकता. सीपीके हा सीपीपेक्षा कधीच मोठा नसतो, फार तर बरोबरीचा असतो. बायोडेटात दोन्ही आकडे असतील आणि सीपीके मोठा दिसत असेल, तर एक तर टंकलेखनाची चूक आहे किंवा लिहिणाऱ्याला आकडे उसने मिळाले आहेत.

पीपीएमचा आकडा तर तुमच्याच शाखेचा आहे. दहा लाख नगांमागे किती नग सदोष निघाले, एवढाच त्याचा अर्थ. वर्षाला ५०,००० नग गेले आणि तीन परत आले तर ६० पीपीएम. आता समजा उमेदवाराने फोनवर सांगितले की महिन्याला २,००० नग जात होते, म्हणजे वर्षाला २४,०००. तिथे एक नग परत आला तर साधारण ४२ पीपीएम होतात आणि दोन आले तर ८३. वर्षाचे ६० पीपीएम तिथे बसतच नाहीत. लगेच खोटेपणाचा शिक्का मारू नका, कारण तो आकडा अनेक भागांचा किंवा सगळ्या कारखान्याचा मिळून असू शकतो. ‘हा आकडा एका भागाचा की सगळ्यांचा?’ एवढेच विचारा. ‘शून्य पीपीएम’ लिहिलेले असेल, तर किती नगांवर आणि किती महिने हे तर विचाराच. वर्षाला ५०० नग पाठवणाऱ्याला शून्य पीपीएम राखणे फारसे कठीण नसते.

पहिल्या ओळीचे काय करायचे, याबद्दल मात्र माझे मत तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळे असेल. ती केराच्या टोपलीत टाकू नका. आपल्याकडे कितीतरी चांगली माणसे, विशेषतः डिप्लोमा करून थेट लाइनवर उभी राहिलेली, आपला बायोडेटा स्वतः लिहीत नाहीत. मित्राच्या फाइलमध्ये नाव बदलतात, नाहीतर टायपिंगवाल्याकडे जातात आणि तो त्याच्याकडचा ठरलेला परिच्छेद चिकटवून देतो. मी एकदा असाच एक अर्ज रागाने बाजूला ठेवला होता. पुढे तोच माणूस आमच्या एका ग्राहकाच्या वतीने आमच्याकडे तपासणीला आला आणि त्याने दोन तासांत आमच्या तीन चुका काढल्या. शब्दांची माळ ही कमी माहितीची खूण आहे, कमी कामाची असेलच असे नाही. अशा अर्जांसाठी पाच मिनिटांचा फोन हाच उपाय आहे.

फोन मराठीत करा आणि पहिली पाळी सुटल्यानंतर करा. लाइनवर उभ्या असलेल्या माणसाला मशीनच्या आवाजात काय सुचणार? माळेतला एकच शब्द उचला आणि त्याच्याच मागे लागा. मी बहुधा एमएसए उचलतो. त्यात मोजणारे साधन आणि मोजणारी माणसे यांचीच परीक्षा घेतलेली असते. नेहमीची पद्धत अशी की १० नग घ्यायचे, ३ जणांनी प्रत्येक नग २ किंवा ३ वेळा मोजायचा आणि आधी काय आकडा आला होता ते कोणाला कळू द्यायचे नाही. तीन वेळा मोजले तर ९० नोंदी होतात. त्यांतून एक टक्केवारी निघते. ती १० च्या आत असेल तर साधन चांगले, ३० च्या वर असेल तर नाकारायचे, आणि मधे असेल तर वापर कुठे आहे ते पाहून ठरवायचे.

प्रश्न असे: ‘एमएसए कोणत्या साधनावर केलात? किती नग, किती माणसे, किती वेळा? टक्के किती आले? मग काय केलेत?’

शेवटच्या प्रश्नाला उत्तर काय येते तिकडे कान द्या. ज्याने केले आहे तो म्हणेल, ‘बोअर गेजवर केला होता मॅडम, ३४ टक्के आले. दुसऱ्या पाळीचा इन्स्पेक्टर गेज तिरका धरत होता. त्याला शिकवले आणि परत केला तेव्हा १६ आले.’ ज्याने फक्त फाइल भरली आहे तो म्हणेल, ‘टीमने केला होता, सगळे ओके होते.’ पहिल्या उत्तरात एक माणूस, एक हात आणि एक बिघाड आहे. दुसऱ्यात यांपैकी काहीच नाही. हा फरक ऐकू यायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. पगाराच्या नोंदीत गोंधळ झाल्यावर ज्याने तो स्वतः निस्तरला आहे त्याचे बोलणे आणि ज्याने नुसते ऐकले आहे त्याचे बोलणे तुम्ही रोज ओळखताच.

हे करताना दोन ठिकाणी हात आखडता घ्या. ग्राहकाचे नाव, भागाचा नंबर, ड्रॉइंगचे तपशील विचारू नका. उमेदवार ते लपवत असेल तर तो चांगला गुण आहे, कारण उद्या तो तुमचेही बाहेर सांगणार नाही. ‘एका दुचाकी कंपनीसाठी ॲल्युमिनिअमचा भाग’ एवढे उत्तर पुरते. तारखेच्या विसंगतीवरून अर्ज फेटाळू नका. ‘२०१४ मध्ये आयएटीएफ १६९४९ राबवले’ असे कोणी लिहिले असेल तर ते अक्षरशः खरे असू शकत नाही, कारण तेव्हा ते मानक निघालेच नव्हते. पण जुन्या कामाला आजचे नाव देण्याची सवय पुष्कळांना असते. ‘तेव्हा प्रमाणपत्र कोणत्या नावाचे होते?’ असे विचारलेत की जो तिथे होता तो हसून ‘टीएस’ म्हणेल.

तुमच्या अधिकाराची हद्दही इथेच येते. उमेदवाराने फिक्स्चरवर केलेला उपाय योग्य होता का, त्याचा एफएमईए नीट होता का, हे तुम्ही ठरवायचे नाही, आणि ठरवायला गेलात तर पुन्हा त्याच खड्ड्यात पडाल. एफएमईएचे गुण गुणून आकडा काढण्याच्या जुन्या रीतीऐवजी २०१९ च्या पुस्तिकेत उच्च, मध्यम, कमी अशा प्राधान्याची रीत आली. त्यामुळे एका उमेदवाराच्या कागदात आकडा दिसेल आणि दुसऱ्याच्या कागदात अक्षर. त्यांतला अद्ययावत कोण, यावर क्वालिटीची माणसेसुद्धा चहा थंड होईपर्यंत वाद घालतात. तुमचे काम माणूस त्या टेबलापर्यंत पोहोचवण्याचे आहे.

म्हणून गठ्ठे दोन नकोत, तीन करा: पाठवायचे, फोन करायचे आणि न पाठवायचे. न पाठवण्याच्या गठ्ठ्यात जाण्याचे कारण तुम्हाला एका वाक्यात आणि शब्दाचा आधार न घेता लिहिता आले पाहिजे. ‘अनुभव फक्त औषध कंपनीतल्या प्रयोगशाळेचा, धातूच्या भागांचा नाही’ हे कारण झाले. ‘एसपीसी नाही’ हे कारण होत नाही, कारण कदाचित त्याने ‘कंट्रोल चार्ट’ लिहिले असेल आणि ते तेच आहे. पाठवताना प्रत्येक अर्जावर दोन-तीन ओळींची चिठ्ठी लावा, अशी: ‘मशीनिंग, दुचाकीचे भाग, ७ वर्षे. पीपॅप स्वतः सादर केल्याचे सांगतात, ६ भाग. सीपीकेबद्दल विचारले तेव्हा टूल बदलण्याची मर्यादा ठरवली असे म्हणाले. हे तुम्ही तपासावे.’ शेवटचे वाक्य गाळू नका. साहेबांना त्यातून मुलाखतीचा पहिला प्रश्न मिळतो, आणि जे तुम्हाला ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे तुम्ही भासवलेले नाही, हेही कागदावर राहते.

ज्या गठ्ठ्यातून त्या गृहस्थांचा अर्ज निघाला, तो गठ्ठा अजून कपाटात असेल. त्यातले कोणतेही दहा अर्ज काढून साहेबांसमोर बसा आणि प्रत्येकावर त्यांचा पेन कुठे थांबतो ते पाहा. जिथे ते ‘हे म्हणजे आपले तेच’ म्हणतील, तो शब्द तुमच्या तक्त्यात लिहून घ्या. दहा अर्जांत तो तक्ता बराचसा भरेल आणि कदाचित अजून एखादा माणूसही निघेल. त्या गृहस्थांना मात्र त्याआधी, आजच संध्याकाळी फोन करा. आयएसआयआरचा शेवटचा कागद त्यांनी कोणत्या भागासाठी केला आणि पहिल्या फेरीत कोणते माप बाहेर गेले होते, ते विचारा. आणि नोटीस किती दिवसांची आहे तेही तेव्हाच विचारून घ्या, कारण साहेबांचा पुढचा प्रश्न तोच असणार आहे.